‘हू कॉल्ड यू?’मध्ये ‘डिड’ का नाही?

‘तुला कोणी फोन केला?’ आणि ‘तू कोणाला फोन केलास?’ या दोन प्रश्नांत मराठी माणसाचा कधीच गोंधळ होत नाही. पहिल्यात फोन करणारा माहीत नाही, दुसऱ्यात फोन ज्याला गेला तो माहीत नाही. हेच दोन प्रश्न इंग्रजीत मात्र असे होतात: ‘हू कॉल्ड यू?’ आणि ‘हू डिड यू कॉल?’ दुसऱ्यात ‘डिड’ आला, त्याबरोबर ‘कॉल्ड’चा ‘कॉल’ झाला. पहिल्यात यातलं काहीच घडलं नाही. दोन्ही प्रश्न भूतकाळातले, दोन्ही ‘हू’ने सुरू होणारे, आणि तरी त्यांची घडण वेगळी.

इथेच अनेकांची अडचण होते. भूतकाळातला प्रश्न विचारायचा म्हणजे ‘डिड’ घालायचा, हे शाळेत पक्कं झालेलं असतं. म्हणून कोणी ‘हू डिड कॉल यू?’ म्हणतो, कोणी ‘हू डिड कॉल्ड यू?’ म्हणतो. उलट बाजूला ‘हू यू कॉल्ड?’ किंवा ‘व्हॉट यू सेड?’ असंही सर्रास ऐकू येतं. एकीकडे नको तिथे ‘डिड’ येतो, दुसरीकडे हवा तिथे तो गळतो. या दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच समजूत आहे: ‘डिड’ ही प्रश्नाची खूण आहे. ती तशी नाही. ‘डिड’ प्रश्न दाखवण्यासाठी येतच नाही. त्याचं काम वेगळं आहे, आणि ते कळलं की ‘हू कॉल्ड यू?’मध्ये त्याला जागा का नाही हे आपोआप उलगडतं.

मराठीत काम विभक्तीचं, इंग्रजीत जागेचं

आधी आपल्या भाषेकडे पाहू. ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ ही एकाच ‘कोण’ची दोन रूपं. करणारा कोण आणि ज्याच्या बाबतीत काही केलं तो कोण, हे या रूपांतूनच कळतं. म्हणून शब्दांची जागा कितीही बदलली तरी चालतं. ‘तुला फोन कोणी केला?’, ‘फोन कोणी केला तुला?’, ‘कोणी केला तुला फोन?’ या सगळ्यांत भर थोडा इकडेतिकडे सरकतो, पण फोन करणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होत नाही. दुसऱ्या प्रश्नात तर क्रियापदही मदतीला येतं, ‘केलास’मधला शेवटचा ‘स’ करणारा ‘तू’ आहेस हे सांगतो. शिवाय प्रश्नाचा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आणलाच पाहिजे असं मराठीत बंधन नाही. उत्तरातला शब्द जिथे बसला असता तिथेच तो बसतो.

इंग्रजीजवळ हे प्रत्यय नाहीत. ‘यू’ म्हणजे तू, तुम्ही, तुला, तुम्हाला, काहीही असू शकतं. रोजच्या बोलण्यातला ‘हू’ही कोण, कोणी, कोणाला या सगळ्यांचं काम करतो. ‘कॉल्ड’वरून करणारा मी, तू की तो हे समजत नाही. मग उरते ती फक्त जागा. ‘रवी कॉल्ड यू’ म्हणजे रवीने तुला फोन केला, आणि ‘यू कॉल्ड रवी’ म्हणजे तू रवीला फोन केलास. शब्द तेच तीन. क्रियापदाच्या आधी बसला तो कर्ता, नंतर बसला ते कर्म. या भाषेत क्रियापदाआधीची जागा हीच कर्त्याची विभक्ती आहे असं म्हटलं तरी चालेल.

आता या दोन वाक्यांत रवी अनोळखी आहे असं धरू आणि त्याच्या जागी ‘हू’ ठेवू. पहिलं वाक्य होतं ‘हू कॉल्ड यू’. प्रश्न तयार झाला. ‘हू’ वाक्याच्या सुरुवातीला आहे, कर्त्याच्या जागेवर आहे, आणि ती जागा मुळातच सुरुवातीची आहे. काहीही हलवावं लागलं नाही. दुसरं वाक्य होतं ‘यू कॉल्ड हू’. यात ‘हू’ शेवटी राहिला. ऐकलेलं नीट कळलं नाही किंवा ऐकून आश्चर्य वाटलं, तर इंग्रजी बोलणारा ‘यू कॉल्ड हू?’ असं म्हणेलही. पण साधा, सरळ प्रश्न विचारायचा तर इंग्रजीच्या नियमाप्रमाणे ‘हू’ पुढे यायला हवा. तो पुढे आला की वाक्यात हालचाल सुरू होते आणि त्या हालचालीतच ‘डिड’ जन्माला येतो.

काळाच्या प्रत्ययाला आधार लागतो

‘कॉल्ड’ हा शब्द फोडून पाहिला तर त्यात दोन तुकडे आहेत: ‘कॉल’ ही क्रिया आणि तिला चिकटलेला भूतकाळाचा प्रत्यय. हा प्रत्यय म्हणजे वाक्याचा एक स्वतंत्र घटक आहे, असं अमेरिकन भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोट्या पुस्तकात मांडलं. ऐकताना तो क्रियापदाचाच भाग वाटतो, पण वाक्याच्या रचनेत त्याची जागा वेगळी असते आणि तो शेजारच्या क्रियापदाला जाऊन चिकटतो. आपल्याकडे ‘ला’ किंवा ‘ने’ हे प्रत्यय एकटे उभे राहू शकत नाहीत, त्यांना नाम लागतं. तसाच हा प्रत्यय क्रियापदाशिवाय उभा राहू शकत नाही.

इंग्रजी प्रश्नाचा नियम असा आहे. कर्ता सोडून दुसरा कोणताही प्रश्नाचा शब्द पुढे आला, की त्याच्या पाठोपाठ काळ दाखवणारा घटकही कर्त्याला ओलांडून पुढे येतो. ‘यू विल कॉल हू’ या वाक्यात काळाचं ओझं ‘विल’ या सहायक क्रियापदावर आहे. तेव्हा ‘हू’ पुढे आल्यावर ‘विल’ उचलला जातो आणि प्रश्न होतो ‘हू विल यू कॉल?’ ‘यू आर कॉलिंग हू’ याचं ‘हू आर यू कॉलिंग?’ होतं. इथे ‘डिड’ किंवा ‘डू’ कुठेही नाही, आणि तरी हे बिनचूक प्रश्न आहेत. ‘डिड’ ही प्रश्नाची खूण नाही याचा हा पहिला पुरावा.

‘यू कॉल्ड हू’ या वाक्यात सहायक क्रियापद नाही. काळ नुसत्या प्रत्ययात आहे. नियमाप्रमाणे तो प्रत्यय ‘यू’ला ओलांडून पुढे जातो, पण आजच्या इंग्रजीत ‘कॉल’सारखं मुख्य क्रियापद त्याच्याबरोबर पुढे जात नाही, ते मागेच राहतं. आता प्रत्यय एका बाजूला, क्रियापद दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ‘यू’ बसलेला. प्रत्ययाला चिकटायला काहीच उरलं नाही. अशा वेळी इंग्रजी त्याला एक अर्थशून्य क्रियापद पुरवते, ते म्हणजे ‘डू’. ‘डू’ आणि भूतकाळाचा प्रत्यय मिळून ‘डिड’ झाला. मागे राहिलेलं क्रियापद प्रत्ययाविना उघडं राहिलं, म्हणून ‘कॉल’. प्रश्न झाला ‘हू डिड यू कॉल?’ भाषावैज्ञानिक या सोयीला ‘डू-सपोर्ट’ म्हणतात, म्हणजे ‘डू’ने दिलेला आधार.

‘डिड’नंतर ‘कॉल्ड’ का येत नाही याचं उत्तरही यातच आहे. भूतकाळाचा प्रत्यय एकच होता आणि तो ‘डिड’मध्ये वापरला गेला. ‘डिड कॉल्ड’ म्हटलं की एकच प्रत्यय दोनदा खर्च होतो.

आता परत ‘हू कॉल्ड यू?’कडे येऊ. इथे ‘हू’ स्वतःच कर्ता आहे. ओलांडायला पुढे दुसरा कर्ता नाही. काळाचा प्रत्यय आणि ‘कॉल’ यांच्यामध्ये कोणीही शिरलेलं नाही. प्रत्यय शेजारच्या ‘कॉल’ला नेहमीसारखा चिकटतो आणि ‘कॉल्ड’ होतो. ज्या आधाराची गरजच पडली नाही तो इंग्रजी देत नाही. ‘रवी कॉल्ड यू’ या विधानात जेवढं घडतं तेवढंच इथे घडतं, फक्त रवीच्या जागी ‘हू’ आहे. सहायक क्रियापद असतं तरी चित्र हेच राहतं. ‘हू विल कॉल यू?’ आणि ‘हू इज कॉलिंग यू?’ यांत शब्दांचा क्रम विधानासारखाच आहे.

कोणी म्हणेल, ‘डिड’ हा कर्ता आणि कर्म वेगळे दाखवण्यासाठीच ठेवला असेल. ऐकणाऱ्याला त्याचा तसा उपयोग होतो, हे खरं. पण त्याचं कारण ते नाही. औपचारिक इंग्रजीत ‘कोणाला’साठी ‘हूम’ हे वेगळं रूप आजही आहे. ते वापरलं तर संदिग्धता उरतच नाही. तरीही ‘हूम डिड यू कॉल?’ असंच म्हणावं लागतं, ‘हूम यू कॉल्ड?’ हा प्रश्न होत नाही. म्हणजे ‘डिड’ येतो तो रचनेमुळे.

एक वाक्य, चार प्रश्न

महाराष्ट्राच्या दहावी-बारावीच्या इंग्रजीत अधोरेखित शब्द उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करायला सांगतात. विद्यार्थ्यांना तो सरावाचा असतो, आणि नेमका याच ठिकाणी हा फरक कस लावतो. एक वाक्य घेऊ: ‘सविता गेव्ह द की टू द वॉचमन यस्टर्डे.’ सविताने काल वॉचमनला किल्ली दिली.

‘यस्टर्डे’ अधोरेखित असेल तर ‘केव्हा’ विचारायचं. ‘व्हेन’ पुढे आला, काळ सविताला ओलांडून पुढे गेला, सहायक क्रियापद नव्हतं म्हणून ‘डिड’ आला, ‘गेव्ह’चा ‘गिव्ह’ झाला: ‘व्हेन डिड सविता गिव्ह द की टू द वॉचमन?’

‘द की’ अधोरेखित असेल तर काय दिलं हे विचारायचं. किल्ली हे कर्म. ‘व्हॉट’ आपली जागा सोडून पुढे आला, बाकी सगळं वरच्यासारखंच: ‘व्हॉट डिड सविता गिव्ह टू द वॉचमन यस्टर्डे?’ ‘गिव्ह’नंतर लगेच ‘टू’ आला आहे. किल्लीची जागा रिकामी पडली, ती अशी दिसते.

‘द वॉचमन’ अधोरेखित असेल तर ‘हू डिड सविता गिव्ह द की टू यस्टर्डे?’ इथे आपल्याकडे बहुतेक वेळा ‘टू’ गळतो. मराठीतला ‘ला’ प्रश्नाच्या शब्दालाच चिकटलेला असतो, ‘कोणाला’ म्हटलं की काम झालं. इंग्रजीत ‘हू’ एकटा पुढे येतो आणि ‘टू’ मागे आपल्या जागी थांबतो. तो थांबलाच पाहिजे, नाहीतर ‘हू’ कुठून आला हे कळणार नाही.

शेवटी ‘सविता’ अधोरेखित असेल तर? सवयीने हात ‘हू डिड’ लिहायला जातो. पण सविता कर्ता आहे. तिच्या जागी ‘हू’ ठेवला की वाक्य पूर्ण होतं: ‘हू गेव्ह द की टू द वॉचमन यस्टर्डे?’ ‘गेव्ह’ तसाच राहिला. चार प्रश्नांपैकी तिघांत ‘डिड’ आणि चौथ्यात नाही. कारण तिघांत सविता वाक्यात आहे, तिला ओलांडावं लागलं. चौथ्यात सविताच्याच जागी ‘हू’ आहे, ओलांडायला कोणी नाही.

इथून एक उपयोगी खूण मिळते. प्रश्न तयार झाल्यावर प्रश्नाचा शब्द बाजूला ठेवून पाहा, वाक्यात कर्ता उरतो का? उरत असेल तर सहायक क्रियापद त्याच्या आधी यायला हवं, नसेल तर ‘डू’ किंवा ‘डिड’ आणायला हवा. कर्ता उरत नसेल तर काहीच आणायचं नाही.

हा नियम ‘हू’पुरता नाही. ‘व्हॉट हॅपन्ड?’ म्हणजे काय झालं, इथे ‘व्हॉट’ कर्ता. ‘व्हॉट डिड यू सी?’ इथे तो कर्म. ‘विच बस गोज टू दादर?’ यात ‘कोणती बस’ हा कर्ता आहे, म्हणून ‘डझ’ नाही आणि ‘गोज’मधला वर्तमानकाळाचा प्रत्यय जागेवर आहे. ‘विच बस डू यू टेक?’ यात बस कर्म आहे, तिला घेणारा ‘यू’ वाक्यात आहे. ‘हाऊ मेनी पीपल केम?’ आणि ‘हाऊ मेनी पीपल डिड यू इन्व्हाइट?’ ही जोडीही तशीच. आलेले लोक स्वतः आले, बोलावलेल्यांना कोणीतरी बोलावलं. ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘व्हाय’ आणि नुसता ‘हाऊ’ हे मात्र सहसा कर्त्याच्या जागी येत नाहीत. कुठे, केव्हा, का आणि कसं हे करणाऱ्याचं नाव नसतं. म्हणून त्यांच्यानंतर, दुसरं सहायक क्रियापद नसेल तर, ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ लागतोच. सरावाची वाक्यं बहुधा याच शब्दांनी सुरू होतात, म्हणून ‘प्रश्न आला की डिड’ ही सवय जडते आणि कर्ताप्रश्नाच्या वेळी आड येते.

जिथे ‘हू डिड’ बरोबर ठरतं

‘हू डिड कॉल यू?’ हे वाक्य इंग्रजीत अशक्य नाही. ते आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. समजा कोणी म्हणालं, रवीने फोन केला नाही, सविताने केला नाही, मीनानेही केला नाही. त्यावर ऐकणारा ‘डिड’वर जोर देऊन विचारेल, ‘हू डिड कॉल यू, देन?’ मग फोन केला तरी कोणी? हा ‘डिड’ ‘आय डिड कॉल’ या विधानातला, म्हणजे ‘मी केला होता फोन’ असं ठासून सांगण्यातला आहे. त्यामुळे साध्या चौकशीत ‘हू डिड कॉल यू?’ म्हटलं की व्याकरण चुकण्यापेक्षा सूर चुकतो. समोरच्याला वाटतं, याला आधीचं उत्तर पटलेलं नाही.

दुसरी जागा नकाराची. ‘हू डिडन्ट कॉल?’ यात ‘हू’ कर्ता आहे, तरी ‘डिड’ आला. त्याला प्रश्नाने आणलं नाही, ‘नॉट’ने आणलं. ‘रवी डिडन्ट कॉल’ या साध्या विधानातही तो असतोच. ‘नॉट’ हा शब्द प्रत्यय आणि क्रियापद यांच्यामध्ये बसतो, दोघांची ताटातूट होते आणि प्रत्ययाला पुन्हा आधार लागतो. कारण तेच, फक्त मध्ये शिरणारा वेगळा.

याच्या बरोबर उलट, जो प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात जातो त्यात ‘डिड’ दोन्हीकडून नाहीसा होतो. ‘आय डोन्ट नो हू कॉल्ड यू’ आणि ‘आय डोन्ट नो हू यू कॉल्ड’. तुला कोणी फोन केला मला माहीत नाही, तू कोणाला फोन केलास मला माहीत नाही. पोटातल्या प्रश्नात प्रश्नाचा शब्द पुढे येतो, पण काळ कर्त्याला ओलांडत नाही. ताटातूट नाही, म्हणून ‘डिड’ही नाही. ‘आय डोन्ट नो व्हेअर डिड ही गो’ असं आपल्याकडे फार ऐकू येतं. तिथे बाहेरच्या प्रश्नाची सवय आत शिरलेली असते.

‘तुला काय वाटतं’चा प्रश्न

सर्वांत अवघड जागा आता येते. ‘तुला काय वाटतं, कोणी फोन केला असेल?’ हा मराठीतला अगदी नेहमीचा प्रश्न. त्यात ‘काय’ बाहेरच्या वाक्यात बसतो आणि पुढे प्रश्न आहे एवढं सुचवतो, खरा प्रश्नाचा शब्द ‘कोणी’ आतल्या वाक्यातच राहतो. हेच शब्दशः उतरवून लोक ‘व्हॉट डू यू थिंक हू कॉल्ड?’ म्हणतात. इंग्रजी ही वाट घेत नाही. ती आतल्या ‘हू’ला थेट सगळ्यांच्या पुढे आणते: ‘हू डू यू थिंक कॉल्ड?’

या वाक्यात ‘डू’ दिसतो आणि गोंधळ होतो. ‘हू’ तर फोन करणारा आहे, कर्ता आहे, मग ‘डू’ का? कारण तो ‘कॉल्ड’चा कर्ता आहे, ‘थिंक’चा नव्हे. ‘थिंक’चा कर्ता ‘यू’ आहे आणि ‘हू’ पुढे येताना काळ त्या ‘यू’ला ओलांडून पुढे आला. म्हणून ‘थिंक’ला ‘डू’ लागला. आतला ‘कॉल्ड’ मात्र जसाच्या तसा आहे, त्याच्या वाक्यात कोणी कोणाला ओलांडलेलं नाही. कर्म विचारायचं असेल तर ‘हू डू यू थिंक रवी कॉल्ड?’ म्हणजे रवीने कोणाला फोन केला असं तुला वाटतं? या दोन प्रश्नांत ‘डू’ सारखाच आहे, ‘कॉल्ड’ही सारखाच आहे. फरक एवढाच की ‘कॉल्ड’च्या आधीची कर्त्याची जागा एकात रिकामी आहे, दुसऱ्यात रवीने भरली आहे.

ती रिकामी जागा इंग्रजीला खरोखर जाणवते, याचा पुरावा ‘दॅट’ देतो. ‘हू डू यू थिंक दॅट रवी कॉल्ड?’ हे चालतं. ‘हू डू यू थिंक दॅट कॉल्ड?’ मात्र बहुतेक इंग्रजी भाषकांना ऐकताच खटकतं. हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. कर्म गेल्यावर जागा मोकळी राहिली तर चालते, पण ‘दॅट’च्या लगेच पुढची कर्त्याची जागा मोकळी राहिलेली चालत नाही. कर्ता आणि कर्म यांतला जो फरक ‘हू कॉल्ड यू?’मध्ये दिसला, तो इथे पुन्हा वर येतो.

‘डू’ नव्हता तेव्हा

इंग्रजी नेहमी अशी नव्हती. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘कोण’साठी ‘ह्वा’, ‘कोणाला’साठी ‘ह्वोने’ किंवा ‘ह्वाम’ अशी वेगवेगळी रूपं होती, म्हणजे मराठीसारखी विभक्ती होती. आणि प्रश्नात काळाबरोबर मुख्य क्रियापदही कर्त्याला ओलांडून पुढे जात असे. ‘व्हॉट सॉ यू?’ हा त्या घडणीचा प्रश्न. क्रियापद प्रत्ययासकट पुढे येत होतं, म्हणून कोणाला आधार द्यायची वेळच येत नव्हती.

मग दोन गोष्टी बदलल्या. विभक्तीची रूपं झिजत गेली. आणि मुख्य क्रियापद कर्त्याला ओलांडेनासं झालं. साधारण १५०० ते १७०० या काळात प्रश्नांमध्ये ‘डू’ पसरत गेला. स्वीडनचे आल्वर एल्लेगोर्ड यांनी जुन्या इंग्रजी लिखाणातली उदाहरणं मोठ्या प्रमाणावर गोळा करून ती मोजली आणि १९५३ साली पुस्तकरूपाने मांडली. हा बदल सगळीकडे एकाच वेळी झाला नाही, हे त्या मोजणीत दिसतं. हो-नाही उत्तराच्या प्रश्नांत ‘डू’ लवकर रुळला, ‘व्हॉट’सारख्या कर्मप्रश्नांत तुलनेने उशिरा. ‘से’ आणि ‘नो’ यांसारखी सतत वापरातली क्रियापदं जुन्या पद्धतीला अधिक काळ धरून राहिली. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी आढळतात. कर्त्याच्या प्रश्नात मात्र ‘डू’ नियम म्हणून कधीच आला नाही. तिथे क्रियापदाला कर्ता ओलांडावाच लागत नव्हता, त्यामुळे मोडलेलं काही नव्हतं आणि दुरुस्तीचीही गरज नव्हती.

इंग्रजीची जवळची नातेवाईक असलेली डच भाषा आजही जुन्याच मार्गाने चालते. तिच्यात ‘वी हेफ्ट यान खझीन?’ या एका प्रश्नाचे दोन अर्थ होतात: यानला कोणी पाहिलं, आणि यानने कोणाला पाहिलं. ‘वी’ म्हणजे कोण, आणि त्याला विभक्तीचं रूप नाही. सहायक क्रियापद दोन्ही अर्थांत दुसऱ्याच जागी येतं. संदर्भावरूनच काय ते ठरवायचं. इंग्रजीत हेच दोन प्रश्न ‘हू सॉ यान?’ आणि ‘हू डिड यान सी?’ असे वेगळे पडतात. आजच्या इंग्रजीच्या रचनेतून ऐकणाऱ्याला मिळालेला हा फायदा आहे: ‘हू’नंतरचा एकच शब्द ऐकून तो ओळखतो की विचारलं आहे ते करणाऱ्याबद्दल की दुसऱ्या कोणाबद्दल.

उत्तरापासून सुरुवात

शिकवताना आणि शिकताना एक क्रम बदलला तर ही अडचण बरीच कमी होते, असं मला मनापासून वाटतं. आपण प्रश्न थेट ‘डिड’पासून बांधायला शिकवतो. त्याऐवजी उत्तरापासून सुरुवात करावी. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘रवी कॉल्ड मी’ आहे त्यात रवीच्या जागी ‘हू’ ठेवायचा, ‘मी’चं ‘यू’ करायचं आणि थांबायचं. ज्याचं उत्तर ‘आय कॉल्ड रवी’ आहे त्यात ‘हू’ पुढे न्यायचा, आणि वाक्यात कर्ता उरला आहे म्हणून ‘डिड’ आणायचा. आधी कर्ताप्रश्न, मग कर्मप्रश्न. पहिल्यात काहीच करायचं नसतं, म्हणून तो सोपा आहे. तोच नंतर अपवाद म्हणून शिकवला की अवघड होऊन बसतो.

बोलताना पडताळा घ्यायचा असेल तर छोटं उत्तर ऐकावं. ‘हू कॉल्ड यू?’ याला इंग्रजी भाषक ‘रवी डिड’ असं उत्तर देऊ शकतो, कारण फोन रवीने केला. ‘हू डिड यू कॉल?’ याला तो नुसतं ‘रवी’ म्हणतो. तिथे ‘रवी डिड’ म्हणता येत नाही, रवीने काही केलेलंच नाही. पहिल्या प्रश्नात ‘डिड’ नव्हता, तरी उत्तरात आला. दुसऱ्यात होता, तरी उत्तरात चालत नाही. आपण विचारलेल्या प्रश्नाला ‘रवी डिड’ हे उत्तर बसत असेल, तर तो प्रश्न कर्त्याचा आहे आणि त्यात ‘डिड’ घालायचं कारण नाही.